गादीला ऊन दाखवूनही शिंका का थांबत नाहीत?

प्रश्न: दर आठवड्याला गादी उन्हात टाकतो, तरी सकाळी उठलं की शिंका आणि छातीत घरघर. डस्ट माइट मरत नाहीत का?

उत्तर: उन्हाने काही माइट मरतात, पण ॲलर्जी मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांची असते आणि ती माइट मेल्यावरही गादीतच राहतात. हा जीव जेमतेम 0.3 मिलिमीटरचा, आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतो, चावत नाही. त्याच्या विष्ठेचे कण साधारण 20 मायक्रॉनचे असतात. हवेत उडाले तरी ते लवकर खाली बसतात, म्हणून खरा संपर्क उशीत तोंड खुपसून झोपताना येतो. त्यातलं Der p 1 हे प्रथिन पाचक एन्झाइम आहे. ते श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशींचे सांधे सैल करतं आणि आत शिरतं, त्यामुळे ॲलर्जी असलेल्याला सूज आणि घरघर सुरू होते.

म्हणून ऊन दाखवल्यावर गादी घराबाहेरच, नाकाला मास्क लावून, नीट झटका. चादरी-अभ्रे आठवड्यातून एकदा 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा. गार पाण्याने बरीचशी प्रथिनं निघतात, पण माइट जिवंत राहतात. गादी-उशीला दाट विणीची, चेनची खोळ घाला. खोलीतली आर्द्रता सतत 50 टक्क्यांखाली ठेवता आली तर उत्तम, कारण माइट पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषतो.

मात्र आधी स्किन प्रिक टेस्टने ॲलर्जी माइटचीच आहे का ते पाहा. नुसत्या खोळीने दमा आटोक्यात येत नाही, त्यामुळे डॉक्टरांनी दिलेला इनहेलर बंद करू नका.