मिनिमम ड्यू भरतोय, मग बिल संपत का नाही? वाचकांचे प्रश्न

दिवाळीची खरेदी झाली की दोनतीन महिन्यांनी माझ्याकडे एकाच प्रकारचे मेल यायला लागतात. भाषा वेगळी, शहर वेगळं, गोंधळ तोच. म्हणून यावेळी सगळे क्रेडिट कार्डाचेच प्रश्न घेतलेत.

प्रश्न: मॅडम, मिनिमम ड्यू वेळेत भरलं तर व्याज लागत नाही ना?

लागतं. लेट फी लागत नाही, एवढंच.

प्रश्न: सात-आठ महिने मिनिममच भरतेय, एकदाही चुकवलं नाही. सिबिल खराब होईल का?

वेळेत भरताय म्हणजे थकबाकीदार म्हणून नोंद होत नाही. पण लिमिट 60 हजार आणि बाकी कायम 50 हजार असेल तर तेही रिपोर्टमध्ये दिसतं आणि स्कोअर त्यामुळे खाली येऊ शकतो. होम लोन घ्यायचा विचार असेल तर आधी स्वतःचा रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, आणि तो घेऊन बँकेत बोला.

प्रश्न: कार्डावर 50,000 बाकी आहे. आता नवीन काही घेत नाही, दर महिन्याला जे मिनिमम येतं ते भरतो. मित्र म्हणतो दीडेक वर्षात संपेल, 5 टक्क्यांप्रमाणे 20 महिने. बरोबर का?

मित्राला सांगा गणित चुकलंय. हा 20 महिन्यांचा हिशोब मला इतक्या जणांनी ऐकवलाय की आता राग येतो, कारण त्यात व्याजच धरलेलं नाही.

जरा सावकाश बघू. समजा तुमच्या कार्डाचा दर महिन्याला 3.5 टक्के आहे, म्हणजे वर्षाला 42. आपल्याकडे बऱ्याच कार्डांचा दर याच्याच आसपास असतो. कार्डाच्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे तुमच्या खिशातून महिन्याला 4.13 टक्के जातात. स्टेटमेंट आलं 50,000 चं, मिनिमम 5 टक्के, तुम्ही 2,500 भरले. राहिले 47,500. त्यावर महिन्याचं व्याज 1,662.50 आणि जीएसटी 299.25. पुढचं स्टेटमेंट येतं 49,461.75 चं. म्हणजे भरले 2,500 आणि बाकी उतरली फक्त 538 रुपयांनी!

आता खरी गंमत पुढे आहे आणि बँकेचा कोणी माणूस ती समजावून सांगत नाही. पुढच्या महिन्याचं मिनिमम 49,461 च्या 5 टक्के, म्हणजे 2,473. बाकी जशी उतरते तसं मिनिममही उतरतं, त्यामुळे तुम्हाला वाटतं चला ओझं कमी होतंय, पण खरं तर तुमचा हप्ताच बारीक होत जातो आणि बाकी दर महिन्याला जेमतेम 1 टक्क्याने उतरते. या चालीने 50 हजाराचे 25 हजार व्हायलाच 64 महिने लागतात, सव्वापाच वर्षांच्याही वर. मिनिमम 200 रुपयांच्या खाली जात नाही असं धरलं तर पूर्ण संपायला सुमारे 270 महिने, म्हणजे साडेबावीस वर्षं, आणि तोवर तुम्ही भरलेले असतात सव्वादोन लाखाच्या जवळपास. कार्डावर घेतलेला फ्रीज असेल तर तो केव्हाच भंगारात गेलेला असेल.

हा सोपा करून सांगितलेला हिशोब आहे. खऱ्या स्टेटमेंटला व्याज रोजच्या बाकीवर लागतं, आणि काही बँका जीएसटी आणि ईएमआय मिनिमममध्ये पूर्ण घालतात, मग बाकी जरा भराभर उतरते. तरी 5 टक्क्यांच्या हिशोबाने दहा वर्षांच्या आत काही सुटका नाही. तुमचं काय चाललंय ते बघायचं असेल तर स्टेटमेंटमध्ये फायनान्स चार्जेस आणि जीएसटी अशा ओळी शोधा, दोन्हींची बेरीज तुम्ही भरलेल्या रकमेतून वजा करा. जे उरलं तेवढंच कर्ज कमी झालं.

आता उपाय. मिनिममकडे बघायचंच नाही, स्वतःची रक्कम ठरवायची आणि ती कमी करायची नाही. तेच 2,500 दर महिन्याला न बदलता भरले तर 39 महिन्यांत संपतं, एकूण साधारण 97 हजार. पहिला हप्ता दोन्हीकडे सारखाच होता बरं का, फरक फक्त तो बारीक होऊ दिला नाही एवढाच. 5,000 भरले तर 13 महिने आणि 62 हजारांच्या आसपास. पण 2,000 ठरवलेत तर 118 महिने! पाचशे रुपयांनी साडेसहा वर्षं वाढतात. आणि 1,900 भरत राहिलात तर कधीच संपणार नाही, कारण व्याज आणि जीएसटीच तेवढे होतात (बँक तुम्हाला मिनिममच्या खाली भरू देणार नाही, लेट फी लावेल, ते वेगळं).

एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये हे टाका, तुमचे आकडे घालून:

```
=NPER(0.0413,-2500,50000,0,1)
```

पहिला आकडा जीएसटीसकट महिन्याचा दर, मग हप्ता, मग बाकी. उत्तर महिन्यांत येतं. `#NUM!` आलं तर समजायचं की या हप्त्यात हे कर्ज फिटत नाही. तुमच्या कार्डाचा नेमका दर स्टेटमेंटच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात असतो, तो कस्टमर केअरला विचारू नका, लेखी बघा. आणि दोनतीन कार्डं असतील तर सगळी स्टेटमेंट घेऊन एखाद्या सीएकडे बसा, एक तासाचं काम आहे.

प्रश्न: मिनिमम भरल्यावर त्याच कार्डावर किराणा घेतला तर त्याला 45-50 दिवस फ्री मिळतात ना?

नाही मिळत. मागचं बिल पूर्ण भरलेलं नसेल तर ती बिनव्याजी मुदत बंद होते. 12 तारखेला 4,000 चा किराणा घेतलात तर 12 तारखेपासूनच मीटर चालू. म्हणून बाकी फिटेपर्यंत ते कार्ड पाकिटातून काढून ठेवा आणि शॉपिंग ॲपमध्ये सेव्ह केलेलंही डिलीट करा, तिथेच सगळे घसरतात. किराणा यूपीआयने, पण खात्यातून.

प्रश्न: कंटाळून एकदाचे सगळे 50,000 भरून टाकले. तरी पुढच्या महिन्यात बाराशेचं बिल. फसवणूक आहे ना ही?

नाही. 10 तारखेला स्टेटमेंट आलं आणि तुम्ही 28 ला भरलं तर मधल्या 18 दिवसांचं व्याज पुढच्या स्टेटमेंटला येतं. 50,000 वर 42 टक्क्यांनी ते 1,036 होतं, जीएसटी धरून 1,222. तेवढं भरा आणि विषय संपवा. हे राहून गेलेलं छोटं बिल "मी तर पूर्ण भरलंय" म्हणून सोडून दिलेले आणि मग लेट फी खाल्लेले लोक मी भरपूर बघितलेत.

प्रश्न: बँकेतून फोन आला, बाकी ईएमआयमध्ये करून देतो, "फक्त सव्वा टक्का" व्याज, 24 महिने. घ्यावं का?

पहिला प्रश्न विचारायचा, फ्लॅट की रिड्यूसिंग, म्हणजे उतरत्या बाकीवर? फोनवरची मुलगी एकदम गडबडते. महिन्याला सव्वा टक्का फ्लॅट म्हणजे 50,000 वर 24 महिन्यांचे 15,000 व्याज, हप्ता 2,708. मुद्दल दर महिन्याला फिटत असतं पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण 50,000 वरच लावलेलं असतं, त्यामुळे खरा दर महिन्याला 2.2 टक्क्यांच्या आसपास जातो, वर्षाला 26 च्या वर. कार्डाच्या ईएमआयच्या व्याजावर जीएसटी लागतो आणि प्रोसेसिंग फी वेगळी. सव्वा टक्का ऐकून भुलायचं नाही.

तरीही ऐका, 42 पेक्षा 26 बराच. दुसरं काहीच मिळत नसेल तर घ्या. आधी मात्र पगार जिथे जमा होतो त्या बँकेत पर्सनल लोन विचारा. 16 टक्के रिड्यूसिंगने 24 महिन्यांचा हप्ता 2,450 च्या आसपास बसतो, आणि पर्सनल लोनच्या व्याजावर जीएसटी नसतो. दोन्हींचे कागद समोर ठेवून, मुदतीआधी फेडलं तर काय चार्ज हे विचारूनच सही करा.

प्रश्न: आमच्याकडे एक मोबाईलवाला 2 टक्क्यांत कार्ड "फिरवून" देतो. स्वाइप करून कॅश देतो, त्यातून बिल भरायचं. 4 पेक्षा 2 बरे ना?

नको. माल न घेता मालाचं खोटं बिल आहे ते, बँकेच्या लक्षात आलं तर कार्ड बंद होतं. आणि दर महिन्याला 2 टक्के देऊन मुद्दल एक रुपयाने कमी होत नाही.

प्रश्न: व्हॉट्सॲपवर आलंय की 30 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं बेकायदा आहे, कोर्टाचा निकाल आहे. मी बँकेला नोटीस देऊ का?

तो निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा, 2008 चा. सुप्रीम कोर्टाने तो 20 डिसेंबर 2024 ला रद्द केला. नोटिशीवर पैसे घालवायच्या आधी वकिलाला विचारा, फॉरवर्ड करणाऱ्याला नको.

प्रश्न: चार महिने काहीच भरता आलं नाही, नोकरी गेली होती. वसुलीवाले रात्री नऊला फोन करतात. आता एकरकमी सेटलमेंटला तयार आहेत म्हणे. करू का?

इतके महिने थांबायला नको होतं, पहिल्याच महिन्यात बँकेला ईमेल करायचा असतो. असो.

फोनचं आधी. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही असं रिझर्व्ह बँकेनेच सांगितलंय. कॉलचे स्क्रीनशॉट ठेवा, बँकेच्या तक्रार विभागाला लेखी कळवा, 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर `cms.rbi.org.in` वर लोकपालाकडे तक्रार करा, फुकट होते.

सेटलमेंटचं असं की एजंटच्या तोंडी शब्दावर एक रुपयाही द्यायचा नाही. बँकेच्या लेटरहेडवर किंवा अधिकृत ईमेलवर रक्कम, तारीख आणि यानंतर काही बाकी राहणार नाही हे आलं पाहिजे, आणि पैसे कार्डाच्या खात्यातच भरायचे, एजंटच्या यूपीआयवर नाही. रिपोर्टमध्ये पुढे "सेटल्ड" असं दिसेल, ते "क्लोज्ड" पेक्षा वाईट आणि काही वर्षं लोनच्या आड येतं. म्हणून आधी बँकेलाच विचारा की पूर्ण रक्कम हप्त्यांनी, कमी व्याजाने फेडायची सोय देताय का. नवीन नोकरीचं ऑफर लेटर असेल तर सोबत जोडा. पत्र हातात आलं की सही करायच्या आधी वकिलाला किंवा सीएला दाखवा. आणि पैसे भरल्यावर नो ड्यूज घेतल्याशिवाय सोडू नका.