स्पॅनिशमधील निरोपाच्या भाषणात विनोद कसा साधावा?

प्रश्न: माद्रिदच्या कार्यालयातील सहकारी निवृत्त होत आहेत. माझी स्पॅनिश शिकाऊ आहे. दोन मिनिटांच्या निरोपाच्या भाषणात आपुलकी आणि थोडा विनोद कसा आणावा?

उत्तर: नवशिक्याकडून सहज होणारी एक चूकच मुद्दाम विनोद म्हणून वापरावी. ‘ते एचामोस दे मेनोस’ म्हणजे ‘तुझी उणीव भासते’. पण शेवटचे ‘दे मेनोस’ गळले, तर उरलेल्या ‘ते एचामोस’चा अर्थ ‘आम्ही तुला हाकलतो’ असा होतो, कारण ‘एचार’ या क्रियापदाचा अर्थच फेकणे, बाहेर काढणे असा आहे आणि नोकरीवरून काढण्यासाठीही तेच वापरतात. म्हणून सुरुवातीलाच म्हणावे: ‘नो ते एचामोस, पेरो या ते एचामोस दे मेनोस’, म्हणजे ‘आम्ही तुला काढत नाही आहोत, पण तुझी उणीव मात्र आतापासूनच भासते आहे’. ‘पेरो’नंतर क्षणभर थांबावे आणि ‘दे मेनोस’ स्पष्ट उच्चारावे, कारण सगळी गंमत त्या दोन शब्दांवरच आहे. पुढे त्यांच्या कामातील एकच खरा प्रसंग तीन-चार सोप्या वाक्यांत सांगावा. तिथे कोटी नको. शेवटी ‘खुबिलासिओन’ (निवृत्ती) आणि ‘खुबिलो’ (जल्लोष) हे शब्द एकाच लॅटिन कुळातले आहेत, याची आठवण देऊन शुभेच्छा द्याव्यात. मात्र श्रोते मेक्सिको किंवा अर्जेंटिनाचे असतील, तर पहिली कोटी वगळावी. तिकडे सहसा ‘ते वामोस आ एक्स्त्रान्यार’ म्हणतात आणि त्यात हा श्लेष उरत नाही.