बॉनेटवर कॅमेरा लावण्याआधी गाडीची पॉलिसी उघडा

प्रश्न: शॉर्ट फिल्मसाठी मित्राच्या गाडीच्या बॉनेटवर सक्शन माउंट लावून आणि दुसऱ्या गाडीच्या डिकीत बसून चालत्या गाडीचे शॉट घ्यायचे आहेत. किती स्पीडपर्यंत सुरक्षित असतं? वेगळा इन्शुरन्स लागतो का?

उत्तर:

मी ग्रिपचं काम करतो, म्हणजे कॅमेरा बसवायचा आणि बांधायचा. स्पीडचा आकडा कोणी विचारला की मी उलट विचारतो, बॉनेटवर पीपीएफ, म्हणजे रंग वाचवायची पारदर्शक फिल्म, आहे का? कारण स्पीडने माउंट निघालेला मी फारसा पाहिलेला नाही. ताशी चाळीसला मध्यम आकाराच्या कॅमेऱ्यावर वाऱ्याचा जोर साधारण अर्धा किलोचा येतो, ऐंशीला त्याच्या चौपट, म्हणजे दोन किलो. पण सहा किलोचा कॅमेरा असेल आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला, तर तीसच्या स्पीडलाही चार किलोच्या आसपास ओढ बसते. न दिसलेल्या स्पीडब्रेकरवर त्याहून जास्त. म्हणजे भीती वाऱ्याची नाही, रस्त्याची आणि ड्रायव्हरच्या पायाची आहे.

आता ती वाईची गोष्ट सांगतोच, कारण तुमच्या प्रश्नातली ‘मित्राची गाडी’ वाचून डोकं परत फिरलं.

सुरूरहून वाईकडे येताना जुन्या वडांची रांग लागते, तिथे एका वेब सिरीजचं शूट होतं. हिरो-हिरॉइन गाडीत बोलतायत, समोरून बॉनेटवरचा शॉट. लो लोडर ठरला होता, म्हणजे गाडी बुटक्या ट्रेलरवर चढवायची, ट्रेलर दुसरा माणूस ओढणार आणि नट फक्त स्टिअरिंग धरून बसणार. लाइन प्रोड्युसरने पैसे वाचवायला तो आदल्या दिवशी रद्द केला आणि ओळखीतल्या एकाची पांढऱ्या नंबर प्लेटची एसयूव्ही दिवसाच्या भाड्याने आणली. काळी, नवीकोरी, आरशासारखी. मी बॉनेटच्या कडेने नख फिरवलं, तर कडेच्या जरा आत बारीकशी पायरी लागली. पीपीएफ.

याचं काय होतं ते नीट समजून घ्या. पंपाच्या मोठ्या कपाला दांड्यावर लाल पट्टी असते. आतली हवा गळायला लागली की दांडा बाहेर येतो, पट्टी दिसते, आपण परत पंप मारतो. पण फिल्मवर लावलेला कप फिल्मला धरतो, आणि फिल्म पत्र्याला नुसत्या गोंदाने धरलेली असते. कपातला व्हॅक्यूम ठणठणीत, लाल पट्टी आत, आणि कपासकट फिल्मच पत्र्यावरून उठते. आगाऊ सूचना काहीच मिळत नाही. प्लॅस्टिकवर, विनाइल रॅपवर आणि नुकत्याच रंगवलेल्या पत्र्यावर हाच धोका.

मी म्हणालो, या गाडीवर कप लागणार नाहीत, दुसरी गाडी आणा नाहीतर कॅमेरा आत घ्या. त्यावर लाइन प्रोड्युसर साहेब म्हणाले, “अरे, सूर्य चाललाय आणि तू नख कसलं फिरवतोयस?” मी युनिटच्या ग्रुपवर लिहून टाकलं की बॉनेटवर फिल्म आहे, कप लावायला माझी संमती नाही. मग त्यांनी कॅमेऱ्याच्या पोरांकडून कप लावून घेतले. मी फक्त दोन वायर बांधल्या, त्याही भांडून.

त्या वायर कशा बांधायच्या तेवढं मात्र शिकून घ्या. गाडीच्या टूलकिटमध्ये टोइंगचा स्क्रू-हुक असतो. पुढच्या बंपरवर एक छोटं झाकण असतं, ते काढलं की त्याची जागा दिसते. बऱ्याच गाड्यांत आटे उलटे असतात, जोर लावण्याआधी बघा. एक वायर कॅमेऱ्यापासून या हुकाला, दुसरी मागे बॉनेटच्या बिजागरीला. पुढची कॅमेऱ्याला काचेवर जाऊ देत नाही, मागची त्याला पुढे रस्त्यावर पडू देत नाही. दोन्हीत ढील नको. नुसती पुढची वायर बांधून खूश होणारे लोक आहेत, त्यांचा कॅमेरा हुकाला लटकून रस्त्यावर फरपटतो किंवा चाकाखाली जातो.

तिसऱ्या टेकला गावाच्या हद्दीतला स्पीडब्रेकर आला. ड्रायव्हिंग करणारा नट डायलॉगमध्ये होता, त्याला तो उशिरा दिसला. फिल्म टराटरा उठली, कॅमेरा आडवा झाला आणि दोन वायरींच्या मध्ये बॉनेटवर पडून राहिला. मॅट बॉक्स फुटला, लेन्सला मार बसला, बॉनेटला खड्डा. समोरून मोटारसायकलवर नवरा-बायको आणि मध्ये पोर येत होतं. त्यांना काही झालं नाही, ते थांबून शूटिंग बघत बसले.

तर माउंटचं थोडक्यात. उघड्या, रंग पक्का असलेल्या पत्र्यावरच कप. आधी तळव्याने बॉनेट दाबून बघा. आजकालचा पत्रा मध्ये डबडब वाजतो, खाली पट्ट्या जिथे आहेत तिथे घट्ट लागतो, कप तिथेच. पत्रा आणि कपाचं रबर दोन्ही स्पिरिटने पुसा. तीन कप, त्रिकोणात, आणि कॅमेरा जितका खाली बसेल तितका खाली, कारण उंच दांड्यावरचा हलका कॅमेरासुद्धा कपाला उपटतो. वर पत्र्याच्या कडांना रबर लावून रॅचेट पट्टे. मग कॅमेऱ्याला धरून जोरात हलवा: अख्खी गाडी सस्पेन्शनवर डोलली पाहिजे, कॅमेरा एकटा हलता कामा नये. हलला तर पट्टे नाही, कपांची जागा बदला. मग रिकाम्या रस्त्यावर दहाला, वीसला आणि एक ब्रेक मारून परत तपासा. पुढे दर टेकनंतर लाल पट्टी. उन्हात तापलेल्या काळ्या बॉनेटवर आणि घाट चढताना पकड थोडी थोडी कमी होते, पसरणीचा घाट चढायचा असेल तर मध्ये थांबून पंप मारायचा.

आणि नटाने गाडी चालवत अभिनय करायचा नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १२५ सांगतं की चालकाला अडथळा होईल असं काही ठेवायचं नाही. बॉनेटवर ड्रायव्हरच्या समोर बसवलेला कॅमेरा म्हणजे नेमकं तेच. लो लोडर परवडत नसेल तर कॅमेरा डाव्या बाजूला, डायलॉग बाजूच्या सीटवरच्याचे, आणि चालवणाऱ्याने फक्त चालवायचं. डॅशबोर्डवर कॅमेरा ठेवणाऱ्यांनो, डावीकडच्या एअरबॅगच्या झाकणावर ठेवू नका. बॅग उघडली तर कॅमेरा थेट माणसाच्या तोंडावर येईल.

डिकीतल्या शॉटबद्दल. पाय बाहेर सोडून बसायचं नाही, कलम १२३ प्रमाणे गाडीच्या बॉडीबाहेर, टपावर किंवा बॉनेटवर माणूस नेताच येत नाही. ऑपरेटर आत, हार्नेस घालून, दोरी सीटच्या पायाला किंवा बेल्टच्या बोल्टला, आणि ती इतकी आखूड की तो काठापर्यंत पोहोचूच नये. पडल्यावर धरणारी दोरी इथे कामाची नाही, पडूच न देणारी हवी. दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही: डिकी उघडी ठेवून गाडी चालली की मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. ऑपरेटरचं डोकं दुखायला लागलं तर ती उन्हाने आलेली डोकेदुखी समजू नका, गाडी थांबवा. पुढच्या काचा उघड्या आणि ब्लोअर चालू ठेवा. कॅमेरा गाडीच्या ड्रायव्हरशी वॉकीवर एकानेच बोलायचं, आणि तो एक डायरेक्टर नसावा.

स्पीड फसवता येतो, त्यासाठी जीव पणाला लावायची गरज नाही. वाइड लेन्स, कॅमेरा रस्त्याच्या जवळ, कडेला झाडं किंवा कठडा असला की तीसची गाडी पळताना दिसते. शिवाय २५ फ्रेमच्या प्रोजेक्टमध्ये २० फ्रेमने शूट केलं तर तीसचे सदतीस-अडतीस दिसतात. माणसं चालताना दिसत असतील तर मात्र हे करू नका, ती तुरुतुरु चालतात.

आता इन्शुरन्स. तुमच्या मित्राच्या पॉलिसीवर ‘Limitations as to use’ असं एक कलम असेल. खासगी गाडीच्या पॉलिसीत तिथे भाड्याने किंवा मोबदल्यात वापर, शर्यत, स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं. मित्राने पैसे न घेता गाडी दिली तर गोष्ट वेगळी, पण ‘पेट्रोल आणि वर दोन हजार’ दिलेत की ते भाडंच. वाईच्या गाडीमालकाने सर्व्हेयरला खरं सांगितलं आणि बॉनेटचा क्लेम तिथेच संपला. रस्त्यावरच्या माणसाला लागलं असतं तर आणखी बिकट: कोर्ट अनेकदा कंपनीला भरपाई द्यायला लावतं आणि ती मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. म्हणजे तुमचा मित्र.

कॅमेरा गाडीच्या पॉलिसीत येत नाही, त्याला इक्विपमेंटची वेगळी पॉलिसी लागते आणि भाड्याच्या कॅमेऱ्याचं नुकसान करारात बहुतेक तुमच्याच गळ्यात असतं. चालत्या गाडीवर लावलेला कॅमेरा धरला आहे का, हे कंपनीला ईमेलने विचारा, फोनवर नाही. प्रोडक्शनची पब्लिक लायबिलिटी सगळं बघते असं लाइन प्रोड्युसर म्हणतात, पण त्यात मोटार वाहनाने झालेलं नुकसान सहसा वगळलेलं असतं. आणि युनिटच्या माणसांचं वेगळं कव्हर, ते तर कोणी विचारतच नाही.

त्या शूटच्या इक्विपमेंट क्लेममध्ये कंपनीने माझा ग्रुपवरचा मेसेज मागवला. पॉलिसीत वाजवी काळजी घेण्याची अट असते. धोका माहीत असून कप लावले म्हणून क्लेम अडकला. तेव्हापासून ते साहेब सांगत फिरतात की ग्रिपच्या मेसेजमुळे प्रोडक्शन बुडालं. मेसेज नसता तर फिल्म उठली नसती, असं त्यांना वाटतं की काय, कोण जाणे. ते वाचत असतील तर: पुढच्या वेळीही लिहीन, आणि कप न लावण्याचा निर्णय तुम्ही घेतलात तर त्याच मेसेजखाली अंगठा द्यायला विसरू नका.

एक राहिलं. ॲक्शन कॅमेरा आणि छोटा कप असेल तर एवढा व्याप नको, पण त्या कपाला लाल पट्टी नसते, म्हणून दोरी तिथेही हवीच. आणि सार्वजनिक रस्ता असेल तर ट्रॅफिक पोलीस आणि स्थानिक ठाण्याची परवानगी घ्या. राज्य सरकारची एक खिडकी योजना आहे, अर्ज तिथून करता येतो. चित्रनगरीतले आतले रस्ते परवडत असतील तर पहिला शॉट तिथेच करा, ड्रायव्हरला सरावही होतो. पॉलिसीच्या अटी कंपनीगणिक बदलतात, मी वकील नाही, तुमची स्वतःची वाचा.