आई ५७ची, बाबा ६२चे: दोघांना सीनियर सिटिझन भाडं लावता येईल का?

प्रश्न: मुंबई-नागपूर विमानाचं तिकीट काढतोय. बाबा ६२, आई ५७. एकत्र बुकिंगमध्ये दोघांनाही सीनियर सिटिझन भाडं घेतलं तर चालेल का?

उत्तर: नाही. प्रवासाच्या दिवशी ६० पूर्ण हवीत. काउंटरवर आईचं ओळखपत्र मागितलं, तर भाड्यातला फरक भरावा लागतो किंवा विमानात चढूच देत नाहीत. बाबांचं तिकीट वेगळं काढा.

त्याआधी साधं भाडंही बघून घ्या. सवलत मूळ भाड्यावरच असते, कर आणि विमानतळ शुल्कावर नाही. समजा तिकीट ५,००० चं, त्यात मूळ भाडं ४,०००. मग सवलत ६ टक्के असेल तर फक्त २४० रुपये वाचले. सेल चालू असेल तर साधं तिकीटच स्वस्त पडू शकतं!

बाबांचं आधार जुनं असेल तर एकदा नीट बघा. काहींवर नुसतं जन्मवर्ष छापलेलं असतं. पूर्ण जन्मतारखेचं पॅन किंवा पासपोर्ट सोबत ठेवा.

सवलत मिळणाऱ्या बाकीच्यांचंही तसंच. विद्यार्थ्याला चालू वर्षाचं कॉलेज ओळखपत्र लागतं (त्याला खरा फायदा जास्तीच्या सामानाचा), डॉक्टरला नोंदणीचं किंवा हॉस्पिटलचं, सैन्यातल्यांना सेवेचं, कुटुंबीयांना अवलंबित कार्ड. आणि भाड्याचा प्रकार शोधतानाच निवडा, तिकीट निघाल्यावर सवलत लावून मिळत नाही.