धाकट्याचे बूट आणि थोरलीची टाच

"माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. त्याचे पाय अगदी सपाट आहेत, ओल्या पायाने चालला की फरशीवर अख्खा तळवा उमटतो. दीड वर्ष खास बूट घातले, तरी कमान काही आली नाही. आता तो बूट बघितले तरी रडतो. बंद केले तर पाय कायमचे वाकडे होतील का?"

नाही होणार. आणि आणखी दीड वर्ष घातले असते तरी त्या बुटांमुळे कमान आली नसती.

मी लहान मुलांच्या अस्थिरोग विभागात समुपदेशनाचं काम करते. डॉक्टर तपासतात, फिजिओथेरपिस्ट व्यायाम शिकवतात आणि मनात उरलेले प्रश्न घेऊन आईवडील माझ्यापुढे बसतात. या ताईंना डॉक्टरांनी "काही करायची गरज नाही" असं आधीच सांगितलं होतं. पण दीड वर्ष रोज सकाळी रडारड सोसून बूट चढवणाऱ्या आईला "काही करू नका" हे उत्तर पचत नाही. आजवर केलं ते व्यर्थ होतं का, आणि आता थांबलो तर उद्या मुलगा आपल्यालाच बोल लावेल का, या दोन्ही भीती तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होत्या. अशा वेळी समजावून सांगण्यापेक्षा दाखवणं बरं, म्हणून डॉक्टरांनी केलेली तपासणी आम्ही त्यांच्यासमोर पुन्हा एकदा सावकाश केली.

मुलाचे बूट काढले. घोट्याच्या वर येणारे, जड, आत तळव्याखाली टणक उंचवटा. तो उंचवटा जिथे टेकत होता तिथे पायाच्या आतल्या कडेला लालसर वळ उठला होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्याला पाठमोरा उभा केला. दोन्ही टाचा बाहेरच्या बाजूला कललेल्या, आतले घोटे खाली झुकलेले, तळवा जमिनीला पूर्ण टेकलेला. मग भिंतीवर जरा उंच लावलेल्या चित्राला हात लावायला सांगितलं. तो चवड्यांवर उभा राहिला आणि त्याच्या पायाच्या आतल्या बाजूला चांगली खोलगट कमान तयार झाली. बाहेर कललेल्या टाचाही आत वळल्या.

"मॅडम, ही कुठून आली?" ताईंनी खाली वाकून विचारलं.

"ती आहेच, ताई. वजन पडलं की दबते."

त्याला खुर्चीवर पाय लोंबकळत बसवलं तेव्हाही कमान दिसली. तो उभा असताना पायाचा अंगठा हाताने वर उचलला, तेव्हाही ती वर आली. असा पाय म्हणजे लवचिक सपाट पाय. लहान मुलांचे सांध्यांचे बंध सैल असतात आणि तळव्याखाली चरबीची गादी असते, त्यामुळे उभं राहिल्यावर कमान खाली जाते. पहिल्या आठ-दहा वर्षांत बंध घट्ट होत जातात, चरबी कमी होते आणि बहुतेकांची कमान आपोआप वर येते. ऑस्ट्रियात 3 ते 6 वर्षांच्या 835 मुलांची पाहणी झाली होती, तिचे निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले. त्यात तीन वर्षांच्या मुलांपैकी 54 टक्के मुलांचे पाय सपाट होते, सहा वर्षांच्या मुलांत हे प्रमाण 24 टक्के होतं. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाचा असा पाय नेहमीच्या वाढीतच बसतो.

यावर ताईंनी जो मुद्दा काढला तो जवळजवळ प्रत्येक पालक काढतो. त्यांच्या भाच्याला असेच बूट दिले होते आणि त्याचे पाय सुधारले. मग तो बुटांचा गुण नाही का? मला हा प्रश्न फार रास्त वाटतो, कारण बूट नेमके त्याच वयात दिले जातात ज्या वयात कमान आपली आपण वर येत असते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या की श्रेय बुटांना जातं. हाच गुंता सोडवण्यासाठी अमेरिकेत डॉ. वेंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचे चार गट केले. एका गटाला खास ऑर्थोपेडिक बूट दिले, दुसऱ्याला टाचेखाली बसणारी कपासारखी गादी, तिसऱ्याला पायाच्या मापाने घडवलेला प्लास्टिकचा इनसोल. चौथ्या गटाला काहीच उपचार दिले नाहीत. तीन वर्षांनी एक्स-रे काढून तुलना केली. चारही गटांतल्या मुलांचे पाय सुधारले होते आणि उपचार घेतलेल्या मुलांत व न घेतलेल्या मुलांत फरक निघाला नाही. हा अभ्यास 1989 साली प्रसिद्ध झाला, आणि तरीही हे बूट लिहून दिले जातात, याची मला खंत वाटते.

कारण ते घालण्याची किंमत मूलच मोजतं. लहानपणी असे बूट घातलेल्या प्रौढांना नंतर विचारलं गेलं, तेव्हा अनेकांनी त्या अनुभवाबद्दल कडवटपणे सांगितलं आणि त्यांची स्वतःबद्दलची प्रतिमाही इतरांपेक्षा कमी दिसली. या मुलाने माझ्यासमोर आईला विचारलं, "माझे पाय खराब आहेत ना?" पाच वर्षांच्या मुलाला हे पायांनी शिकवलं नव्हतं, बुटांनी शिकवलं होतं. डॉक्टरांनी त्याच्यापुढे बसून सांगितलं की तुझे पाय चांगले आहेत, हवं तसं पळ. ताईंना मी सांगितलं की घरी हेच वाक्य सगळ्यांच्या तोंडून यायला हवं, आणि बूट का बंद केले हे नातेवाइकांना मुलासमोर समजावत बसू नका.

काही जणांची कमान मोठेपणीही येत नाही, हेही मी ताईंपासून लपवलं नाही. तसा पाय दुखत नसेल आणि वळत असेल तर तो आजार नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॅनडाच्या सैन्यातल्या हजारो जवानांचे पाय हॅरिस आणि बीथ या डॉक्टरांनी तपासले. लवचिक सपाट पाय असलेल्या बहुतेक जवानांना त्याचा काहीच त्रास नव्हता. त्रास होता तो मुख्यतः अशांना, ज्यांच्या सपाट पायासोबत टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, आखूड होती.

हे बोलणं चालू असताना त्या मुलाची अकरा वर्षांची बहीण, जी इतका वेळ गप्प बसून होती, ती म्हणाली, "माझे पण असेच आहेत. पण माझे दुखतात."

ताई चमकल्या. खेळाच्या तासाला ही टाळाटाळ करते, अशी शाळेतून तक्रार होती; पाय दुखतात हे त्यांना निमित्त वाटलं होतं. मुलीने बूट काढले. आतल्या घोट्याच्या खाली आणि थोडं पुढे, जिथे तळव्याची कड जमिनीला घासते तिथे, कातडी जाड होऊन घट्टा पडला होता. चवड्यांवर उभी राहिल्यावर तिचीही कमान आली, म्हणजे पाय लवचिकच. पण टाचा जमिनीवर ठेवून उकिडवं बसायला सांगितलं तेव्हा तिच्या टाचा उचलल्या गेल्या आणि ती मागे कलंडली.

डॉक्टरांनी तिला झोपवून, गुडघा सरळ ठेवून, टाच आत वळवून धरली आणि पाऊल नडगीकडे वर ढकललं. ते जेमतेम काटकोनापर्यंत आलं. गुडघा वाकवल्यावर मात्र सहज आणखी वर गेलं. म्हणजे अडचण पोटरीच्या त्या स्नायूत होती जो गुडघ्याच्या वरून सुरू होतो. टाच आत वळवून धरणं इथे महत्त्वाचं. ती बाहेर कलू दिली तर पाऊल मधल्या सांध्यातून वाकतं आणि शीर पुरेशी लांब आहे असा भास होतो.

चालतानाही नेमकं हेच घडतं. प्रत्येक पावलाला पाऊल घोट्यातून वर वाकावं लागतं. शीर ताणली जात नसेल तर ते वाकणं पायाच्या मधल्या भागातून होतं, टाच आणखी बाहेर जाते आणि शरीराचा भार आतल्या बाजूच्या एकाच हाडावर येतो. तिचा घट्टा त्या हाडाखालीच होता. अशा पायाखाली टणक उंचवट्याचा इनसोल सारला तर तो त्याच दुखऱ्या हाडाला खालून दाबतो. भावाचे बूट हिला दिले असते तर दुखणं वाढलं असतं.

म्हणून तिला आधी व्यायाम दिला. भिंतीकडे तोंड करून, एक पाय मागे, मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, बोटं किंचित आत वळवलेली, पायात बूट. मग भिंतीकडे झुकायचं आणि पोटरीला ताण बसला की तीस सेकंद तसंच थांबायचं. प्रत्येक पायाला तीन-चार वेळा, सकाळ-संध्याकाळ. मऊ इनसोल आणि टाचेचा मागचा भाग घट्ट असलेले बूट खेळण्यापुरते. ताईंना स्पष्ट सांगितलं की हा इनसोल दुखणं कमी करण्यासाठी आहे, कमान घडवण्यासाठी नाही. सपाट पायाच्या मुलांत बुटांना किंवा इनसोलला खरा अर्थ येतो तो इथे, दुखत असताना किंवा बूट एका बाजूने भराभर झिजत असताना.

चवड्यांवर उभं राहूनही कमान आली नसती, किंवा टाच आत वळली नसती, तर गोष्ट वेगळी होती. पाय असा ताठ असेल, विशेषतः आठ वर्षांपुढच्या मुलांत वारंवार घोटा मुरगळत असेल तर, पायातली दोन हाडं एकमेकांना जुळलेली असू शकतात. तिथे एक्स-रे आणि कधी सीटी स्कॅन लागतो. एकच पाय सपाट होत चालला असेल, मूल लंगडत असेल, सकाळी सांधे आखडत असतील, किंवा जिना चढताना आणि जमिनीवरून उठताना मांडीला हात टेकत असेल, तर बुटांच्या दुकानात न जाता डॉक्टरांकडे जावं. या दोन्ही भावंडांत यातलं काही नव्हतं.

मुलासाठी ताईंनी साधे बूट घेतले. पुढे अंगठ्यासमोर बोटभर मोकळी जागा, चवड्यापाशी सहज वाकणारा तळ, आणि घरात अनवाणी. त्याला पुन्हा दाखवायला आणायची गरज डॉक्टरांना वाटली नाही. दुखायला लागलं तरच यायचं.

मुलगी मात्र येत राहिली. सुरुवातीचे काही आठवडे ती व्यायामाला कंटाळली, कारण फरक लगेच जाणवत नाही. मग फिजिओथेरपिस्टनी दर भेटीला तिचं पाऊल किती वर जातं ते मोजून तिलाच वहीत लिहायला लावलं. काही महिन्यांनी पाऊल काटकोनाच्या पुढे जाऊ लागलं, घट्टा मऊ पडला आणि ती खेळाच्या तासाला पूर्ण वेळ थांबू लागली. तिचे पाय आजही तितकेच सपाट आहेत. वाढीच्या वेगात शीर पुन्हा आखडू शकते, म्हणून उंची वाढायची थांबेपर्यंत व्यायाम चालू ठेवायचा आहे. व्यायाम नीट करूनही दुखणं परत आलं आणि टिकलं, तरच शस्त्रक्रियेचा विचार करू, असं डॉक्टरांनी ताईंना सांगितलं आहे.