ओरिएंटेशन: पहिला दीड तास रांगेत जाऊ नये म्हणून

प्रश्न: ऐरोलीतल्या पदवी कॉलेजात शिकवते. या वर्षी एफवायबीकॉमच्या ओरिएंटेशनची जबाबदारी माझ्यावर आली आहे. 240 मुलं, दीडशेच्या आसपास पालक, 30 सीनियर व्हॉलंटियर आणि 300 खुर्च्यांचा हॉल. गेल्या वर्षी दोन टेबलांवर नोंदणी ठेवली होती, त्यातच दीड तास गेला. भाषणं सुरू होईपर्यंत मुलं वैतागली आणि पालक मागच्या दाराशी उभे राहिले. नव्या मुलांवर दडपण येणार नाही असा दिवस कसा बसवावा?

उत्तर:

दीड तास लागला यात कुणाचा आळस नव्हता, तो हिशेबच तसा होता. नाव शोधणं, सही घेणं आणि फाइल हातात देणं यात एका मुलामागे पाऊण मिनिट सहज जातं. दोन टेबलं म्हणजे प्रत्येकी 120 मुलं. 120 गुणिले 45 सेकंद म्हणजे बरोबर 90 मिनिटं. टेबलं चार केली तरी पाऊण तासाची रांग उरतेच. घाबरलेल्या मुलाला सगळ्यात जड जातो तो हाच वेळ: ओळखीचं कुणी नाही, फोनमध्ये डोकं घालून उभं राहायचं, आणि शेजारी आई कुणाला तरी विचारतेय, "हीच ना लाइन?"

म्हणून नोंदणीचं टेबल काढूनच टाका. 240 मुलांचे बारा-बाराचे 20 गट करा आणि प्रत्येक गटाला एक सीनियर द्या. गटाचा क्रमांक आणि सीनियरचं नाव आदल्या दिवशी दुपारी मुलाच्या आणि पालकाच्या फोनवर जाऊ द्या. सकाळी सीनियर आवारात ठरलेल्या जागी क्रमांकाचा फलक धरून उभा राहील आणि बारा नावांवर खूण करत जाईल. बाराही मुलं एकदम आली तरी शेवटच्याला नऊ मिनिटांच्या आत जागा मिळते. सही, फोटो, कागदपत्रांची तपासणी यातलं त्या दिवशी काहीही ठेवू नका. ते ऑफिसचं काम आहे, पुढच्या आठवड्यात होईल.

गट कसे पाडता यावर बरंच अवलंबून आहे. आडनावाच्या क्रमाने पाडू नका, टक्क्यांवर तर नकोच. प्रवेश अर्जावर पत्ता असतोच, तर घरच्या स्टेशनवरून पाडा: कल्याण-डोंबिवली, ठाणे आणि मुलुंड, ऐरोली ते कोपरखैरणे, वाशी-नेरूळ, पनवेलकडचे. आपल्याकडे नव्या मुलाची पहिली भीती वर्गाची नसून प्रवासाची असते. ठाण्याला उतरून ट्रान्स हार्बरच्या फलाटावर एकटं जायचं, कोणती गाडी वाशीची आणि कोणती पनवेलची ते बघायचं, हे डोंबिवलीहून येणाऱ्या मुलीला पहिला आठवडाभर छळतं. ओरिएंटेशन संपल्यावर त्याच गाडीने परत जाणाऱ्या तीन मुली तिला भेटल्या तर दिवसाचं निम्मं काम झालं. गटाचा सीनियरही शक्यतो त्याच लाइनवरचा ठेवा. टोळकी होतील अशी शंका काही शिक्षक काढतात, पण वर्ग सुरू झाले की बाकांची रचना ती आपोआप मोडते.

मेसेजमध्ये रस्ताही लिहा, आणि तो तपासून लिहा. जुन्या पत्रकांत "ठाण्याहून पहिलं स्टेशन ऐरोली" असं असतं. जानेवारी 2024 मध्ये दिघा गाव सुरू झाल्यापासून ऐरोली दुसरं झालं आहे. एवढ्याशा चुकीमुळे चार मुलं दिघ्याला उतरतात आणि पहिल्याच दिवशी उशिरा पोचून रडवेली होतात. दिवस शनिवारचा घ्या, म्हणजे बऱ्याच पालकांना जमतं. रविवारी मेगाब्लॉकचा भरवसा नाही. पावसाळा असल्यामुळे पर्यायी तारीख आधीच ठरवा, आणि रद्द करायचं असेल तर सकाळी साडेसहाच्या आत कळवा. कल्याणपलीकडची मुलं सातला घराबाहेर पडलेली असतात.

तुमच्याकडे 20 गटांचे 20 सीनियर गेल्यावर 10 उरतात. दोघं स्टेशनबाहेर, दोघं गेटवर, दोघं जिन्यांशी, दोघं पालकांसाठी आणि दोघं उशिरा येणाऱ्यांसाठी. हे शेवटचे दोघं बहुतेक ठिकाणी विसरले जातात. साडेदहाला धापा टाकत आलेल्या मुलाला भरल्या हॉलमध्ये सगळ्यांसमोरून चालायला लावू नका. त्याला मागच्या दाराने थेट त्याच्या गटाजवळ नेऊन बसवायचं, हेच त्या दोघांचं काम. शेजारशेजारच्या दोन गटांना एक मुलगा आणि एक मुलगी असे सीनियर द्या, म्हणजे बाथरूमपासून पोटदुखीपर्यंत कुठलीही अडचण सांगायला मुलींना संकोच वाटत नाही.

सीनियर्सची तासाभराची तयारी आदल्या दिवशी घ्या. काय बोलायचं ते थोडंच आहे: स्वतःचं नाव, वर्ग, कुठून येतो, आणि लगेच पाण्याची व बाथरूमची जागा. काय विचारायचं नाही ते मात्र स्पष्ट सांगावं लागतं. बारावीचे टक्के, कॅटेगरी, फी भरली का, मराठी मीडियमचा का, हे प्रश्न नकोत. नवी मुलं "सर", "मॅडम" म्हणायला लागली तर हसून नाव सांगायचं, हवं तर दादा-ताई चालेल. स्टेजवर बोलावून "इंट्रो दे", "गाणं म्हण" हे पूर्ण बंद. सीनियर म्हणतील की ही तर मजा आहे. त्यांना यूजीसीच्या 2009 च्या रॅगिंगविरोधी नियमांतली व्याख्या वाचून दाखवा: विद्यार्थी एरवी करणार नाही आणि ज्याने त्याला लाज किंवा अवघडलेपण वाटेल अशी कृती करायला सांगणं त्यात रॅगिंगच मोजलं आहे. हेतू गमतीचा होता, ही सबब तिथे चालत नाही.

पालकांचं गणित वेगळं. 240 आणि 150 म्हणजे 390 माणसं, 300 खुर्च्यांत मावणारच नाहीत. तेव्हा पालकांना हॉलमध्ये आणूच नका, शेजारचे दोन वर्ग द्या. पण गेटवरच ताटातूट करू नका. पालकाने मुलाला फलकापर्यंत सोडावं, सीनियरचा चेहरा बघावा, दोन शब्द बोलावेत आणि मग वर्गात जावं. चेहरा पाहिलेला असला की आई दर दहा मिनिटांनी फोन करत नाही.

वेळापत्रक असं बसतं. सव्वानऊला व्हॉलंटियर जागेवर, साडेनऊपासून दहा वाजून दहा मिनिटांपर्यंत मुलांचं येणं. सव्वादहा ते दहा पन्नास हॉल: प्राचार्य सात मिनिटं, विभागप्रमुख दहा, परीक्षा आणि क्रेडिटची पद्धत पंधरा. त्यापुढचं कुणाच्या लक्षात राहत नाही, त्यामुळे पाहुणे आणि सत्कार नकोत. मग दहा गट कॉलेज बघायला आणि दहा गट खायला, अर्ध्या तासाने अदलाबदल. बघायच्या जागा पाचच ठेवा: ऑफिसची खिडकी, लायब्ररी, त्यांचे वर्ग, नोटीस बोर्ड आणि जिमखाना. एका जागी दोन गट आणि सहा मिनिटं. सगळे 20 गट एकदम सोडले की जिन्यावर कोंडी होते आणि ओल्या लादीवर कुणीतरी घसरतंच. छत्र्यांसाठी दारात बादल्या हव्यात. अकरा पन्नासला गट आपापल्या सीनियरसोबत गोल करून बसतील, बारा दहाला पालक भेटतील, साडेबाराला सगळे मोकळे.

खाण्याचं हलक्यात घेऊ नका. सातला निघालेलं मूल धड खाऊन निघत नाही, आणि जुलैच्या दमटपणात हॉलमध्ये एखाद्याला चक्कर येते ती बहुतेक रिकाम्या पोटीच. वडापाव 270 सांगा, म्हणजे मुलं आणि व्हॉलंटियर दोघांना पुरतो. शनिवार आहे, उपास असणारे असतीलच, त्यांच्यासाठी केळी आणि राजगिऱ्याची चिक्की.

गप्प बसणाऱ्या मुलाला "तू पण बोल ना" म्हणू नये. वेळापत्रकाचा कागद तिघांत एक द्या आणि सोमवारचा दुसरा तास कोणत्या खोलीत आहे ते शोधायला सांगा. कागद एकच असला की डोकी जवळ येतात आणि बोलणं आपोआप सुरू होतं. एखाद्याला घरीच जायचं असेल तर लगेच पालकांना बोलावू नका. सीनियरने त्याला गर्दीतून बाहेर काढून लायब्ररीबाहेरच्या बाकावर दहा मिनिटं सोबत बसावं, प्रश्न न विचारता. बहुतेक वेळा तेवढं पुरतं. नाहीच पुरलं तर शिक्षकाला सांगून शांतपणे पालकांकडे पोचवावं, त्याची चर्चा होऊ देऊ नये.

पालकांना 20 मिनिटं सांगा आणि 30 मिनिटं त्यांचे प्रश्न चिठ्ठीवर घ्या. माइक फिरवला की दोन वडीलच बोलतात आणि मागे बसलेल्या बाई काही न विचारता घरी जातात. दोन वर्गांत दोन शिक्षक असतील, अर्ध्या वेळेनंतर त्यांनी वर्ग बदलावेत: एकाकडे हजेरी आणि परीक्षा, दुसऱ्याकडे महाडीबीटी शिष्यवृत्ती, रेल्वे कन्सेशन आणि रॅगिंगविरोधी व्यवस्था.

हजेरी टक्क्यांत सांगू नका, तासांत सांगा. आठवड्याला चार तास आणि 15 आठवडे म्हणजे एका विषयाचे 60 तास. 75 टक्के म्हणजे 45 हवेतच, 15 चुकले तर चालतील. गणपतीला कोकणात गेलं आणि सुट्टीच्या पुढे एक आठवडा जोडला, तर या 15 मधले चार एका फटक्यात जातात, तेही प्रत्येक विषयाचे. हा हिशेब फळ्यावर मांडला की पालकांना तो लगेच पटतो.

कन्सेशनच्या अर्जावर मूल खरोखर जिथे चढतं ते स्टेशन लिहा, हे बजावून सांगा. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र antiragging.in वर विद्यार्थी आणि पालक दोघांनी भरायचं असतं. त्याची लिंक आठवडाभर आधी पाठवा, त्या दिवशी फक्त अडलेल्यांसाठी एक टेबल ठेवा. 1800-180-5522 ही हेल्पलाइन चोवीस तास आणि मोफत आहे. ती फळ्यावर लिहून फोनमध्ये सेव्ह करून घ्यायला सांगा, मुलांनाही. फी थकली आहे, घरी एकच पालक आहे, मुलाला औषध चालू आहे, हे कुणी सगळ्यांसमोर सांगणार नाही. त्यासाठी अकरा दहापासून बारा वाजेपर्यंत तीन टेबलं लावा, दोन टेबलांत किमान दहा फुटांचं अंतर ठेवून. आणि कुठल्याही कागदावर "आई-वडील दोघांची सही" असं छापू नका, "पालकाची सही" पुरे.

शेवटच्या फेरीत प्रवेश घेतलेली 20-25 मुलं या दिवशी नसतीलच. ती वर्गात येतात तेव्हा बाकीच्यांची ओळख झालेली असते. त्यांच्यासाठी दोनेक आठवड्यांनी एका वर्गात पाऊण तास ठेवा: माइक नाही, भाषण नाही, त्यांच्या लाइनवरचे दोन-तीन सीनियर, वेळापत्रकाचा तोच कागद आणि त्याच पाच जागा. त्यांना ज्या गटांत टाकाल तिथलं त्याच स्टेशनचं एकेक मूलही बोलावून घ्या, म्हणजे त्या दुपारी परतीच्या गाडीत कुणी एकटं बसणार नाही.