सहा कपाटं, चोवीस बॉक्स आणि हॅनोव्हर

प्रिय पोरी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. आजोबांची पुस्तकांची सहा कपाटं, तुझी जर्मनीतली हॅनोव्हरची नोकरी, आणि घरात दोन पार्ट्या, एक म्हणते सगळं घेऊन जा, दुसरी म्हणते रद्दीत घाल आणि किंडल घे. दोघांचंही ऐकू नकोस. मी न्हावाशेवाला क्लिअरिंगच्या कामात बरीच वर्षं काढलीत, घरसामानाच्या कन्साइनमेंट भरपूर बघितल्यात, आणि त्यात पुस्तकांचा हिशोब जवळजवळ सगळे उलटा करतात. आधी पुस्तकं निवडत बसतात, हे हवं, ते नको, रडारड, आणि मग कोटेशन मागतात. तू आधी जागेचं गणित कर, निवड आपोआप सोपी होते.

मुद्दा असा की विमानाने किंवा कुरिअरने पाठवलं तर वजन आणि आकारमान यातलं जे जास्त भरेल त्याचे पैसे लागतात. पुस्तक म्हणजे घट्ट माल. ४० बाय ३० बाय ३० सेंटीमीटरचा बॉक्स घे, विमानाच्या हिशोबाने (लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले ६०००) त्याचं आकारमानाचं वजन येतं ६ किलो, पण पुस्तकं भरून तो काट्यावर ठेवलास तर १८-२० किलो भरतो, म्हणजे पैसे २० किलोचे. समुद्राने उलट आहे. कंटेनरमध्ये दुसऱ्यांच्या मालाबरोबर आपला थोडा माल जातो, त्याला एलसीएल म्हणतात, तिथे एक घनमीटर किंवा एक टन यातलं जास्त ते धरतात. पुस्तकांचं एक घनमीटर साधारण ४५० ते ५०० किलोचं होतं, टनाच्या आसपासही जात नाही, त्यामुळे तू फक्त जागेचे पैसे भरतेस आणि वजन जवळपास फुकट जातं. सोफा पाठवणाऱ्यापेक्षा पुस्तकं पाठवणारा इथे फायद्यात.

आता यातली मेख. एलसीएलला बहुतेक ठिकाणी कमीत कमी एक घनमीटरचं बिल लागतं, तू पाव घनमीटर दिलंस तरी. म्हणजे तुझ्यासमोर खरे पर्याय दोनच. एक, विमानाच्या बॅगेत बसतील तेवढी, २३ किलोची एखाद-दुसरी बॅग आणि बाकी सगळं इथे. नाहीतर पूर्ण एक घनमीटर भरून. मधलं, म्हणजे ऐंशी-शंभर किलो कुरिअरने किंवा एक्स्ट्रा बॅगेजने, हा सगळ्यात महागडा उद्योग आणि लोक हाच करतात, कारण तो थोडाथोडका वाटतो.

तुझं गणित मी इथे बसून मांडलंय. कपाटात पाच फळ्या, प्रत्येक फळी तीन फुटी, सहा कपाटं म्हणजे तीस फळ्या, नव्वद फूट. नेहमीच्या डेमी साइजच्या मराठी पुस्तकांची एक फूट रांग साडेसहा-सात किलो भरते, म्हणजे एक फळी वीसेक किलो, आणि ती बरोबर एका ४०-३०-३० च्या बॉक्समध्ये बसते. एक फळी एक बॉक्स, एवढं लक्षात ठेव. (गुळगुळीत आर्ट पेपरची मोठी चित्रांची पुस्तकं याला अपवाद, ती फुटाला चौदा किलोपर्यंत जातात, बॉक्स अर्धाच भर आणि वर कपडे घाल.) आणि हाच आकार का, तर युरोपातलं पॅलेट १२० बाय ८० सेंटीमीटरचं असतं, त्यावर एका थरात असे आठ बॉक्स काही जागा न उरता बसतात. तीन थर केले की चोवीस बॉक्स, ९० सेंटीमीटर उंची, खाली पॅलेटची १५, सगळं मिळून एक घनमीटर. म्हणजे तीस फळ्यांतून तुला चोवीस बॉक्स करायचेत, बास, एवढाच प्रश्न आहे.

आता निवड. तुझ्या यादीवरून दिसतंय की पाच फळ्या दिवाळी अंक आहेत, दोन फळ्या कोश, चार फळ्या तुझी इंजिनिअरिंगची आणि इंग्लिश पेपरबॅक, उरलेल्या एकोणीस मराठी. इंग्लिश आणि इंजिनिअरिंग जाऊ देत, ती तिकडे सेकंडहँड मिळतील. कोशांसाठी जीव तुटतो हे कळतंय मला, पण मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट वाचता येतो, दाते-कर्व्यांचा शब्दकोश आणि मोल्सवर्थही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर शोधता येतात, आणि ते खंड वजनाला दगड. आजोबांनी समासात काही लिहिलं असेल तो खंड तेवढा घे. मराठी एकोणीस फळ्यांचे एकोणीस बॉक्स, त्यातली फार चाळणी करू नकोस, कारण मराठीतली बरीच पुस्तकं एकदा आवृत्ती संपली की परत निघतच नाहीत आणि जर्मनीत तर ती कुठल्याच दुकानात नाहीत. उरले पाच बॉक्स. दिवाळी अंक आकाराने मोठे, एका फळीला जवळपास दीड बॉक्स लागतो, म्हणजे पाचातल्या तीन फळ्या बसतील. त्यातले एखाद्या लेखासाठी ठेवलेले अंक असतील तर तो लेख फोनवर नीट स्कॅन कर आणि अंक सोड.

एक गोष्ट मात्र अजिबात न्यायची नाही. आजोबांच्या खालच्या कप्प्यात मोडी लिपीतले कागद आणि पोथ्यांचं गाठोडं आहे म्हणालीस ना. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखितं आणि ऐतिहासिक-साहित्यिक मोलाची कागदपत्रं, आणि इतर वस्तू शंभर वर्षांहून जुन्या असल्या की, पुरावशेष धरल्या जाऊ शकतात आणि त्या खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. कस्टमवाल्याने एका बॉक्समध्ये पोथी बघितली की अख्खं पॅलेट अडकतं. शंभरीच्या पुढची छापील पुस्तकंही बाजूला काढ आणि मागेच ठेव.

मागे ठेवायचं ते कुठे ठेवणार हेही बघ. सांगलीतच शामरावनगरला मामांकडे तळमजल्यावर ठेवू म्हणालीस, तिथे नको गं. २००५, २०१९, २०२१, कृष्णेने कितीदा दाखवलंय की पाणी कुठवर येतं, आणि भिजलेलं पुस्तक वाळवलं तरी फुगलेलं आणि बुरशी धरलेलं राहतं. विश्रामबागला मावशी वरच्या मजल्यावर राहते तिच्याकडे ठेव. वाचनालयाला द्यायची असतील तर आधी यादी पाठव आणि त्यांना हवी ती उचलू दे, पोती नेऊन टाकलीस तर त्यांच्याच डोक्याला ताप. पुण्याच्या भावाला काही द्यायची असतील तर पोस्टाची ज्ञान पोस्ट आहे, मे २०२५ मध्ये सुरू झाली, पाच किलोपर्यंतचं पार्सल १०० रुपयांत (वर टॅक्स), पुस्तकांसाठीच आहे.

पॅकिंग आता. तासगावचे बेदाण्याचे बॉक्स घरी ढिगाने पडलेत, आकारही बरा आहे, पण वापरू नकोस, आत साखरेचा चिकटपणा राहतो, दोन महिने बंद कंटेनरमध्ये मुंग्या-झुरळांची सोय. मार्केट यार्डात नवे पाच प्लायचे कोरे बॉक्स मिळतील, ते माप देऊन घे. भरण्याआधी पुस्तकं दोन-तीन दिवस पंख्याखाली उघडी मोकळी ठेव, उन्हात नाही, बांधणीचा डिंक सुटतो. कसर लागलेलं पुस्तक पानं झटकून बघ, बारीक भोकं आणि पांढरा भुसा पडत असेल तर ते बाजूला, एक पुस्तक बाकीच्या चाळीसांना लावतं. बॉक्समध्ये पुस्तकं आडवी एकावर एक, जाड बांधणीची उभी, पण पाठीवर किंवा नीट तळावर, कधीही पाठ वर करून नाही, तसं ठेवलं की पानांचा गठ्ठा स्वतःच्याच वजनाने बांधणीतून सुटतो. फटीत कोरा कागद कोंब, वर्तमानपत्र नको, शाई उतरते. बॉक्स हलवला तर आतून आवाज येता कामा नये. आत प्लास्टिक पिशवीचं अस्तर आणि सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या, कारण कंटेनर उष्ण समुद्रातून थंड बंदरात पोचतो तेव्हा आतल्या छताला दव धरतं आणि ते वरून टपकतं. म्हणून वरच्या थरावर जाड प्लास्टिक हवंच. आणि जून ते सप्टेंबर हा माल सांगलीतून हलवायचा नाही, गोडाऊनमध्ये दोन दिवस ओल लागली तरी बोंब.

आजोबांच्या सागवानी पेटीत पुस्तकं भरायचा विचार आला असेल तर सोड. लाकडी पॅकिंगला उष्णता देऊन निर्जंतुक केल्याचा शिक्का लागतो, आयपीपीसीचं गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह आणि एचटी अशी अक्षरं, पॅलेटवरही ते बघून घे. पुठ्ठा आणि प्लायवूडला ते लागत नाही.

कोटेशन मागताना शब्द नीट वापर, "सांगलीच्या घरापासून हॅनोव्हरच्या दारापर्यंत, तिकडचे सगळे चार्जेस धरून". फॉरवर्डर, म्हणजे माल पाठवणारा एजंट, तुला हॅम्बुर्ग बंदरापर्यंतचं फ्रेट, म्हणजे नुसतं जहाजाचं भाडं सांगेल, ते ऐकून तू म्हणशील अरे किती स्वस्त, आणि मग तिकडून टर्मिनल, कंटेनर खाली करणं, कागदपत्रं, ट्रक, अशी फ्रेटपेक्षा मोठी बिलं येतात आणि माल तिकडे अडकलेला, मग भांडायला जागाच राहत नाही. आलेला आकडा पुस्तकांच्या संख्येने भाग. चोवीस बॉक्समध्ये साधारण हजार पुस्तकं, समज ६० हजार मागितले तर पुस्तकाला ६० रुपये. समज ९० हजार मागितले तर ९०. तुला तेवढ्याचं पुस्तक वाटत नसेल ते बॉक्समधून काढ, पण लक्षात ठेव, चोवीसच्या जागी अठरा बॉक्स केलेस तरी बिल जवळजवळ तेच येणार.

जर्मन कस्टमचं घाबरू नकोस. पुस्तकांवर ड्युटी शून्यच आहे, व्हॅट ७ टक्के. आणि तू घर हलवतेयस म्हणून तोही माफ होऊ शकतो, अट अशी की त्याआधी किमान बारा महिने युरोपियन युनियनच्या बाहेर राहिलेली असावीस, पुस्तकं किमान सहा महिने तुझ्याकडे वापरात असावीत, आणि तिकडे राहायला लागल्यापासून बारा महिन्यांत माल यावा. नंतर वर्षभर ती विकायची किंवा कुणाला द्यायची नाहीत. आजोबांची पुस्तकं आहेत म्हणून आजच एक कागद करून घे की ती तुला दिली, तारीख घालून, दोघांच्या सह्यांचा. यादी बॉक्सनिहाय कर, पुस्तकाचं नाव नाही लिहिलंस तरी चालेल, पण "बॉक्स ७, वापरलेली मराठी पुस्तकं, ४२ नग, विक्रीसाठी नाही" असं इंग्लिशमध्ये हवं. तिकडे पत्ता नोंदवून झाला की मगच माल पाठव, नोंदणीचा कागद क्लिअरन्सला लागतोच. इन्शुरन्स घेतलास तर विचारून घे, स्वतः पॅक केलेल्या बॉक्समधल्या तुटफुटीचे पैसे बहुधा देत नाहीत, पूर्ण हरवलं किंवा बुडालं तरच देतात.

या रविवारी टेप घेऊन सहाही कपाटं मोज, तीन फुटी फळ्या खरंच तीन फुटीच आहेत का आणि मागे दुसरी रांग लपलेली नाही ना ते बघ, आणि आकडे मला पाठव. दुसरी रांग निघाली तर आपल्याला हे सगळं परत मांडावं लागेल.

तुझा,
काका